काळोखाची वर्गणी

लिफ्टच्या शेजारी आमच्या सोसायटीचा काचेचा फळा आहे. त्यावरच्या सूचना कुणी वाचतं असं मला वाटत नाही. टाकी धुणार, पाणी जपून वापरा. लिफ्टची देखभाल, गैरसोयीबद्दल दिलगीर. मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची यादी तेवढी सगळे थांबून वाचतात. कोजागिरीच्या आठवडाभर आधी तिथे एक नवा कागद लागला आणि तोच सोसायटीच्या ग्रुपवरही आला. चार ओळींचा मजकूर होता. 'कोजागिरी पौर्णिमेनिमित्त सोसायटीच्या आवारात सामायिक मोठ्या पडद्याची व्यवस्था करण्यात येत आहे. जुना मराठी चित्रपट ठीक ७.४० वाजता सुरू होईल. खुर्च्या घरून आणाव्यात. आवाराकडील बाल्कनी व खिडक्यांतील दिवे ७.३० ते १० या वेळेत बंद ठेवून सहकार्य करावे.' खाली सचिवांची सही आणि तो गोल शिक्का, ज्यात नोंदणी क्रमांक कधीच नीट उमटत नाही.

पहिल्या तीन ओळींवर अंगठे आले, टाळ्या आल्या, एका काकूंनी नमस्काराचं चित्र टाकलं. चौथ्या ओळीवर मात्र पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं, "आमच्या घरात आम्ही दिवा लावायचा की नाही, हेही आता कमिटी ठरवणार का?" मग बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. नंतर कुणीतरी विषय बदलून दूध किती लिटर आणायचं ते विचारलं आणि ग्रुप पुन्हा सुरळीत झाला.

ती चौथी ओळ काही माझ्या डोक्यातून जाईना. सोसायटी आपल्याकडे सारखं काही ना काही मागत असते. गणपतीची वर्गणी, रंगकामाचा जादा हप्ता, श्रमदानाचा रविवार. पण अडीच तास अंधार द्या, असं मागणं मी पहिल्यांदाच वाचत होतो. आणि खरं सांगायचं तर त्या कागदावरची तीच एक ओळ तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाची होती. खुर्च्या नसल्या तर माणसं जमिनीवर बसतात, कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तरी चालतो. अंधार नसला तर मात्र पडद्यावर काहीच नसतं.

हे मला लहानपणीच कळायला हवं होतं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या गल्लीत गणपतीच्या दहा दिवसांत एकदा तरी पडद्यावरचा सिनेमा असायचा. रस्त्याच्या मधोमध दोन बांबू, त्यांच्यात ताणलेलं पांढरं कापड, आणि एका टेबलावर सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर. ते सुरू झालं की शिवणयंत्रासारखा आवाज यायचा आणि तापलेल्या धुळीचा एक विशिष्ट वास पसरायचा. उशिरा आलेल्यांना कापडाच्या पलीकडे बसावं लागे. तिकडून चित्र जवळजवळ तेवढंच स्पष्ट दिसायचं, फक्त नावं उलटी यायची आणि सगळी माणसं डावखुरी व्हायची. पाऊण तासाने रीळ संपायचं. ते बदलेपर्यंत नुसत्या उजेडाचा चौकोन कापडावर पडायचा आणि पुढची पोरं त्यात हात घालून हरणं, कुत्रे नाचवायची. पण या सगळ्याच्या आधी एक विधी असायचा. मंडळाचा एक कार्यकर्ता शिडी लावून खांबावर चढायचा आणि नगरपालिकेच्या दिव्यावर गोणपाट बांधायचा. गोणपाट बांधून झालं की खालून शिट्ट्या वाजायच्या. आम्हा मुलांना तो सिनेमाचा पहिला प्रवेशच वाटायचा. त्या पोत्याचं काम काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही.

हे वाक्य मी बी विंगमधल्या एका तरुणाकडून ऐकलं. तो प्रकाशयोजनेच्या धंद्यात आहे आणि कमिटीने पडद्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. त्याचं म्हणणं असं की प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. पांढरं दाखवायचं तिथे भरपूर, करडं दाखवायचं तिथे थोडा, आणि काळं दाखवायचं तिथे शक्य तितका कमी. म्हणजे पडद्यावर जो काळा रंग आपण बघतो, केस, कोट, रात्रीचं आभाळ, तो प्रोजेक्टरने काढलेला नसतोच. तिथे नुसतं कापड असतं आणि त्यावर आजूबाजूचा जो काही उजेड पडत असेल तो असतो. आवारात दिवे असतील तर ते कापड करडं दिसतं आणि मग नटाचे केसही करडे होतात. त्यावर जास्त ताकदीचं मशीन आणलं की भागतं, असं आपल्याला वाटतं. थोडं भागतंही. पण मशीन पांढऱ्याला आणखी पांढरं करतं, काळ्याला काळं करू शकत नाही. ते काम आवाराचं.

त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. मला हिशेब आवडतात असं नाही, पण हा सोपा होता. पडदा बारा फूट रुंद आणि सात फूट उंच, म्हणजे चौऱ्याऐंशी चौरस फूट, साधारण ७.८ चौरस मीटर. भाड्याच्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ३००० ल्युमेन लिहिलेलं, म्हणजे मशीन एकूण किती उजेड टाकतं त्याचं माप. पण भाड्याची मशीनं वापरून वापरून थकलेली असतात, त्यांच्या दिव्याचं आयुष्यच मुळी उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं धरतात. म्हणून त्याने १५०० धरले. त्याला ७.८ ने भागलं की १९० लक्सच्या आसपास येतात, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड. इतका उजेड पडद्याच्या पांढऱ्या भागावर पडणार. हे काही कमी नाही, थिएटरमधला पडदाही साधारण एवढाच उजळ असतो. आता काळ्या भागाचं बघा. आवारातले नेहमीचे दिवे चालू असताना पडद्यावर चौदा लक्स पडत होते, ते त्याने आदल्या रात्री मोजले होते. म्हणजे सगळ्यात पांढरी जागा सगळ्यात काळ्या जागेपेक्षा जेमतेम चौदापट उजळ. तेच आवारातला उजेड दोन लक्सवर आणला तर ऐंशी-नव्वदपट. मशीन तेच, कापड तेच, भाडंही तेच. तेवढ्या फरकासाठी फक्त बटणं दाबायची, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या घरात.

मोजण्याचं साधन म्हणजे त्याचा फोन. वरच्या बाजूला उजेड ओळखणारा एक बारीक सेन्सर असतो, त्याचं अ‍ॅप मिळतं. फोन पडद्याच्या कापडाला पाठ टेकवून धरायचा, तोंड खुर्च्यांकडे. त्याला जो उजेड दिसतो तोच पडद्याला दिसतो. अगदी काटेकोर माप नव्हे, पण कुठला दिवा किती त्रास देतो हे त्यावरून बरोबर कळतं. एक दिवा घालवायचा, आकडा बघायचा, पुन्हा लावायचा. आदल्या रात्री वॉचमनला बरोबर घेऊन त्याने हेच केलं होतं. बाल्कन्यांचे दिवे एकेक करून फारसे काही करत नाहीत, पण सगळे मिळून आठेक लक्स होतात. उरलेल्यातला मोठा वाटा गेटवरच्या फ्लडलाइटचा होता.

एवढ्या काळ्याची गरज का पडली, त्याचं कारण पुन्हा त्या सूचनेच्या दुसऱ्या ओळीत होतं. जुना मराठी चित्रपट. कमिटीच्या बैठकीत आधी एक नवा, गाजलेला सिनेमा दाखवायचं ठरलं होतं. तो ज्या सिनेमांच्या अ‍ॅपवर होता, त्याचं सभासदत्व सोसायटीतल्या कुणाकडे तरी होतं. मग कमिटीतल्या वकीलबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, ते सभासदत्व घरी बघण्यासाठी असतं, आवारात दाखवण्यासाठी नाही. तिकीट लावलं नाही, सगळे आपलेच लोक आहेत, याने फरक पडत नाही. कॉपीराइटच्या कायद्यात लोकांपर्यंत पोचवण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात एकाच वेळी एकाहून अधिक घरांपर्यंत पोचवणंही धरलेलं आहे. आणि आपल्याकडे घरं अठ्ठेचाळीस. अध्यक्षांनी विचारलं, "पण कोण बघायला येणार आहे?" बाई म्हणाल्या, "येणार कुणी नाही. पण ठराव लेखी आहे आणि सूचना शिक्का मारून लावणार आहात." हे सगळ्यांना पटलं. शिक्क्याची भीती आपल्याकडे अजून आहे.

कायदेशीर मार्ग दोन. हक्कदाराकडून सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना घ्यायचा, नाहीतर ज्याचे हक्क संपले आहेत असा चित्रपट निवडायचा. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं टिकतो. त्या हिशेबाने साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं सगळं भांडार आता खुलं आहे. कुणी त्यावर नव्याने काम करून काढलेली प्रत वापरली तर तो वेगळा मुद्दा, तेही बाईंनी सांगून ठेवलं. यादी निघाली आणि शेवटी प्रभातचा 'संत तुकाराम' ठरला. १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. म्हाताऱ्यांना आनंद झाला. मुलांना कळलं नाही आनंद मानायचा की नाही. बी विंगमधला तरुण तेवढा गप्प बसला. सिनेमा कृष्णधवल आणि दिवस पौर्णिमेचा, हे त्याच्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं.

रंगीत चित्रात थोडा करडेपणा लपून जातो. लाल लाल दिसतो, हिरवा हिरवा, डोळा भागवून घेतो. कृष्णधवल चित्राकडे उजेड आणि अंधार यांपलीकडे काही नसतंच. त्यात त्या काळच्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी, आताच्या रुंद पडद्याच्या पाऊण भागात मावणारी. उरलेल्या पावात, दोन्ही बाजूंना, काळ्या पट्ट्या येतात. त्या पट्ट्या म्हणजे चाचणी परीक्षाच. आवार पुरेसं अंधारलेलं नसेल तर दोन करडे खांब चित्राच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले दिसतात आणि सिनेमा संपेपर्यंत जात नाहीत.

वेळेचंही असंच. ठीक ७.४० का, असं मी सचिवांना विचारलं. साडेसात किंवा आठ का नाही? ते म्हणाले, उलटं मोजा. ध्वनिप्रदूषणाचे जे २००० सालचे नियम आहेत त्यांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्या भरवशावर कार्यक्रम बसवायचा नाही, असा आमच्या कमिटीचा शिरस्ता. चित्रपट दोन तास दहा मिनिटांच्या आसपास. त्यात स्वागत, आभार, आणि अध्यक्षांचे दोन शब्द, जे दोन कधीच नसतात. म्हणून ७.४०. दुसऱ्या टोकाला सूर्यास्त, तो ऑक्टोबरात आमच्याकडे सव्वासहाच्या आगेमागे. सातपर्यंत आभाळातला उजेड पार जातो. सातच्या आधी सुरू करता येत नाही, दहाच्या पुढे चालवता येत नाही. त्या तीन तासांच्या फटीत माणसांना ऑफिसातून घरीही यायचं असतं.

सणाच्या दिवशी संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा पडदा बांधणं चाललं होतं. दुकानातला तयार पडदा एवढ्या मापाचा मिळाला नाही म्हणून पांढरं फ्लेक्स आणलं होतं. साध्या चादरीतून उजेड आरपार जातो, निम्मं चित्र पलीकडच्या भिंतीला मिळतं, फ्लेक्समधून तेवढा जात नाही. चारी कडांना लोखंडी रिंगा मारल्या होत्या, त्यांत दोरी ओवून ती दोन्ही विंगांच्या पाइपांऐवजी मुद्दाम वेगळ्या उभारलेल्या चौकटीला बांधली होती. खालची कड बांधायची की मोकळी सोडायची यावर दोन ज्येष्ठ नागरिकांचा वाद रंगला होता. वारा दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे वाऱ्याच्या एका झोतात चौकट हलते. शेवटी खालची कड विटांना बांधली, पण दोरीला थोडी ढील ठेवली. पडद्यापासून अठरा फुटांवर टेबल, टेबलावर प्रोजेक्टर, त्याखाली कुणाच्या तरी मुलाची जुनी बारावीची पुस्तकं, उंचीसाठी. आवाज ब्लूटूथच्या डब्यावर आधी लावून पाहिला तर पागनीसांचे ओठ आधी हलत आणि अभंग मागून येई, म्हणून सरळ वायर ओढली.

साडेसात वाजले. आणि मग दिवे जायला लागले.

हे मला नीट सांगायचं आहे, कारण मी त्या दृश्यासाठी तयार नव्हतो. एका झटक्यात वीज गेल्यावर होतो तो अंधार आपल्या ओळखीचा असतो. हा तसा नव्हता. चौथ्या मजल्यावरची एक बाल्कनी गेली, मग समोरच्या विंगेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन शेजारी-शेजारी, मग काही क्षण काहीच नाही, मग एकदम पाच-सहा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीत देवघरातला छोटा पिवळा दिवा होता, त्यांनी पडदा ओढला तशी ती पिवळी रेघ बारीक बारीक होत गेली. प्रत्येक दिव्यामागे एक माणूस बटणापर्यंत चालत गेलेला असणार, हे दिसत नव्हतं आणि तरी दिसत होतं. फोन हातात घेऊन तो तरुण पडद्याजवळ उभा राहून आकडे ओरडत होता. अकरा. नऊ. साडेसात. खुर्च्यांमधून आकड्यांना टाळ्या पडायला लागल्या. एखाद्या घरात कुणी विसरलं असेल तर खालून त्या घराच्या नावाने हाका जायच्या, "अहो, तुमच्या स्वयंपाकघराचा!" आणि तो दिवा लाजल्यासारखा पटकन जायचा.

सहावर येऊन आकडा थांबला. गेटवरचा फ्लडलाइट होता. वॉचमनचं म्हणणं, गेट अंधारात ठेवायचं नाही असं त्याला लेखी सांगितलंय, आणि ते कमिटीनेच सांगितलंय. बरोबर होतं त्याचं. शेवटी दिवा न घालवता त्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं, त्यासाठी वरचा नटबोल्ट ढिला करावा लागला आणि पाना शोधण्यात सात मिनिटं गेली. अध्यक्षांच्या दोन शब्दांची वेळ त्यातून वजा झाली, हा फायदा. मग राहिले पार्किंगमधले सेन्सरवाले दिवे, ज्यांचा विचार कुणीच केला नव्हता. कुणी उठून चाललं की ते आपोआप लागतात आणि अर्धा मिनिट चालू राहतात. वीज वाचावी म्हणून मोठ्या अभिमानाने बसवलेले. त्यांचा फ्यूज काढावा तर त्याच लाइनवर पाण्याचा पंप. म्हणून ठरलं की सिनेमा चालू असताना त्या बाजूने कुणी जायचं नाही. हे ठरवणं जितकं सोपं तितकं पाळणं अवघड, साठीच्या पुढच्या लोकांना तर विशेष. दर दहा-बारा मिनिटांनी पार्किंग उजळायचं आणि देहूच्या इंद्रायणीकाठी अर्धा मिनिट दुपार व्हायची.

फ्लडलाइट वळल्यावर आकडा अडीचवर यायला हवा होता. साडेचारवर अडकला. पहिल्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात ट्यूबलाइट चालू होती. पडदे उघडे. ते आत खुर्चीत पेपर वाचत बसलेले सगळ्यांना स्वच्छ दिसत होते.

कुणी हाक मारली नाही. मला राग आला, हे कबूल करतो, आणि आजूबाजूला बघितलं तर बहुतेकांना आला होता. सचिव वर जायला निघाले, वकीलबाईंनी त्यांना थांबवलं. "विनंती आहे, नियम नाही," त्या म्हणाल्या. "आपण त्यांना सांगू शकत नाही." आणि ते खरंच होतं. त्यांच्या घरातला दिवा, त्यांच्या मीटरवरचा. सोसायटीचा मोठा पडदा सामायिक, पण अंधार ज्याचा त्याचा. मी खालून त्या उजेडाकडे बघत होतो आणि मला एकाच वेळी वाटत होतं की हा माणूस बरोबर आहे आणि या माणसाशी पुन्हा बोलू नये. या दोन्हींची अजून काही तडजोड झालेली नाही.

सिनेमा सुरू झाला. डाव्या बाजूचा काळा पट्टा किंचित राखाडी दिसत होता, उजवा चांगला काळा. पहिली दहा मिनिटं मी फक्त ते दोन पट्टेच बघितले. मग हळूहळू विसरलो. आवाज जुना, थोडा खरखरीत, पण अभंग सुरू झाले तसे मागच्या रांगेतल्या आजोबांनी बरोबर म्हणायला सुरुवात केली, आधी ओठांत, मग जरा मोठ्याने. एका छोट्या मुलीने आईला विचारलं, रंग कधी येणार? आईने सांगितलं, येत नाही, असाच आहे. मुलीने ते मान्य केलं आणि बघत राहिली. तुकारामाच्या बायकोची चिडचिड सुरू झाली तशा बायका मनापासून हसल्या. एवढ्या वर्षांनंतरही आवली बरोबर बोलतेय, असा त्या हसण्याचा सूर होता.

चंद्राची भीती सगळ्यांनाच होती. पौर्णिमेला उघड्यावर पडदा लावणार म्हणजे चांदण्यात चित्र धुऊन जाणार, असं बैठकीत तीन-चार जणांनी सांगितलं होतं आणि अमावास्येच्या जवळपासची तारीख घ्या असंही सुचवलं होतं. कोजागिरी अमावास्येला घ्यायची कशी, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वेला ए विंग, पाच मजली, त्यामुळे चंद्र उगवून बराच वेळ झाला तरी आवारात आला नव्हता. नऊच्या सुमाराला तो टाकीच्या वर निघाला. अर्ध्या खुर्च्यांची डोकी वर झाली, कुणी कुणी हातही जोडले. मी पडद्याकडे बघितलं. काहीही बदललं नव्हतं. पूर्ण चंद्राचं चांदणं म्हणजे पाव लक्सच्या आसपास, एका लक्सलाही पोचत नाही. तरुण म्हणाला होता तेव्हा मला ते पटलं नव्हतं. ज्या चांदण्यात माणूस पायवाट बघून चालत जातो, ज्याच्यावर इतकं काही लिहून ठेवलंय, त्याचा एवढाच उजेड? पण डोळा अंधाराला सरावला की त्याला पाव लक्सही पुष्कळ होतो. आम्ही शहरात डोळ्याला सरावायला वेळच देत नाही. ट्यूबलाइट मात्र, एका खोलीतली, चंद्राच्या आठपट पडली होती पडद्यावर.

दहाला पाच कमी असताना वैकुंठगमन झालं आणि आवाज दहाच्या आत बंद झाला. दिवे लावायची घाई कुणाला नव्हती, तरी सवयीने लागले. सगळे गच्चीवर गेले, दूध आटत ठेवलेलं होतंच. तिथे लाउडस्पीकर नव्हता, त्यामुळे दहाचा नियमही नव्हता, आणि बारापर्यंत बोलणं चाललं. आजोबा पुन्हा अभंग म्हणत होते. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ गच्चीवर आले होते, दूध प्यायले, चांगलं झालंय म्हणाले. कुणी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. साखर थोडी जास्त झाली होती, असं मात्र म्हणाले, आणि तेही बरोबर होतं.

दिवाळीनंतरच्या कमिटीच्या बैठकीत पुढच्या वर्षीचा विषय निघाला. तरुण मंडळींनी एलईडी वॉलचा प्रस्ताव आणला. लग्नात असते ती, चौकोनी फळ्या एकमेकींना जोडून उभी केलेली भिंत. तिला पडद्याची गरज नाही, वाऱ्याची भीती नाही, प्रोजेक्टरपुढून कुणी चाललं तर सावली पडत नाही. आणि मुख्य म्हणजे अंधार लागत नाही. बाहेर वापरायची वॉल त्या आमच्या पडद्याच्या कित्येक पट उजळ असते, रात्री उलट ती मंद करून ठेवावी लागते. तिचा काळा रंगही तिचाच, कारण फळ्या मुळातच काळ्या. प्रोजेक्टरवाला तरुण शांतपणे तोटे सांगत होता. फार जवळ बसलं तर चित्र सुटून ठिपके दिसायला लागतात, म्हणजे पहिल्या रांगेला तेरा-चौदा फूट मागे सरकावं लागेल आणि आमच्या आवारात तेवढी जागा गेली की शेवटची रांग पार्किंगमध्ये जाते. लोखंडी सांगाडा लागेल, वेगळी वीज लागेल. भाडं प्रोजेक्टरच्या कित्येक पट. खजिनदारांनी भाड्याचा आकडा ऐकून चष्मा काढला. घरटी वर्गणी किती बसेल याचं गणित त्यांनी कागदावर मांडलं आणि कागद उलटा ठेवला.

सचिवांना मात्र वॉल हवी होती. दारोदार दिव्यांसाठी विनवण्या करायचा त्यांना कंटाळा आला होता. "पैसे मागणं सोपं आहे हो," ते म्हणाले. "पैसे दिले की पावती देता येते." मी गप्प होतो. मला काय हवं होतं ते मला नक्की सांगता आलं नसतं. चांगलं चित्र वॉलवरच दिसणार, त्यात शंका नाही. पण त्या साडेसातच्या दहा मिनिटांत आकडे ओरडणारा तो मुलगा आणि एकामागून एक जाणाऱ्या खिडक्या, हे वॉलच्या भाड्यात येत नाही. हे बैठकीत बोलावं तर इतिवृत्तात काय लिहायचं, असा प्रश्न सचिवांनी विचारला असता.

हात वर करून मतं घेतली तर बरोबरी झाली, म्हणून विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरलं. एलईडी वॉलच्या बाजूने सगळ्यात आधी वर गेलेला हात पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांचा होता. सभा संपल्यावर खजिनदार कागद गोळा करत होते तेव्हा ते पुढे आले, वॉल आणायची तर आपली वर्गणी दुप्पट धरा म्हणाले, पाकिटातून पैसे काढून तिथल्या तिथे दिले आणि पावती मागून घेतली.